खोपा वाळला की नर तो उसवतो

सुगरण हे नाव ऐकलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर एखादी कामसू मादी येते. नावच स्त्रीलिंगी आहे. प्रत्यक्षात फांदीच्या टोकाला लोंबणारा तो खोपा विणतो नर. मादी तयार कामावर येते, आत शिरते, चोचीने पट्ट्या ओढून बघते आणि पसंत पडलं तर राहते, नाही तर उडून जाते. सुगरण ज्या गटात मोडते त्या प्लोसिअस गटातल्या विणकर पक्ष्यांची बहुधा हीच रीत असते.

याच गटातल्या आफ्रिकेतल्या एका पक्ष्याची गोष्ट मात्र आणखी पुढे जाते. सहाराच्या दक्षिणेला गावांजवळच्या, पाण्याकाठच्या झाडांवर तो मोठ्या वसाहती करून राहतो, म्हणून त्याला व्हिलेज वीव्हर म्हणतात. आपण त्याला ग्रामविणकर म्हणू. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पिवळाधमक, बहुतेक भागांत डोकं काळं आणि डोळा लाल. हा नर सकाळपासून खपून खोपा विणतो, त्याखाली उलटा लटकून माद्यांना हाका घालतो आणि काही दिवसांत एकही मादी राहायला आली नाही, तर तोच खोपा स्वतःच्या चोचीने उसवून खाली टाकतो. मग त्याच डहाळीवर पुन्हा पहिली गाठ मारतो.

ही गोष्ट सांगताना दोन चुका हमखास होतात. पहिली, मादीला खोपा आवडला नाही की ती तो मोडून टाकते. मादी मोडत नाही. ती आत जाऊन ओढाताण करते, पण ती परीक्षा असते. मोडणारा नरच. दुसरी, नकार मिळाल्याच्या रागाने तो मोडतो. त्याचं वागणं नीट पाहिलं तर राग कुठे दिसत नाही. ज्या टापटिपीने तो विणतो, तितक्याच टापटिपीने उसवतो. खोपा किती दिवस टिकतो, मादीला तो किती दिवस हवा असतो आणि नराच्या ताब्यात जागा किती असते, हा हिशेब समजला की त्या उसवण्याचा अर्थ लागतो.

या पक्ष्याबद्दल आपल्याला जे बारकाईने माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं निकोलस आणि एल्सी कॉलियास या शास्त्रज्ञ जोडप्यामुळे. त्यांनी आफ्रिकेत वसाहतींची निरीक्षणं केली आणि लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उघड्यावरच्या मोठ्या पिंजऱ्यांत या पक्ष्यांच्या वसाहती वर्षानुवर्षं सांभाळल्या. कोणत्या नराने कोणत्या दिवशी खोपा सुरू केला, कोणती मादी किती वेळा आत गेली, खोपा किती दिवसांनी उसवला गेला, हे सगळं पिंजऱ्यात पक्षीनिहाय टिपता येतं. रानात दोनशे खोप्यांच्या झाडाखाली उभं राहून ते जवळजवळ अशक्य आहे.

आधी विणकाम कसं होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सुरुवात पट्टीपासून होते. नर उंच गवताच्या रुंद पात्यावर किंवा ताडामाडाच्या पानावर बसतो, बुडाजवळ पात्याच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो, खाचेची कड चोचीत धरतो आणि पात्याच्या टोकाच्या दिशेने झेप घेतो. शिरांच्या रेषेत पान फाटत जातं आणि लांब, अरुंद, दोन्ही कडा जवळजवळ समांतर अशी पट्टी सुटते. पान हिरवं असेल तरच हे जमतं. वाळलेल्या पानात पट्टी मध्येच तुटते, आणि तुटली नाही तरी वळवायला गेलं की कडकन मोडते. विणायला लवचिक धागा लागतो, आणि या पक्ष्याच्या जगात लवचिक म्हणजे हिरवं.

मग पहिली गाठ. खाली झुकलेली, दोन फाटे असलेली बारीक डहाळी तो निवडतो. पट्टीचं एक टोक पायाखाली डहाळीवर दाबून धरतो आणि दुसरं टोक चोचीने डहाळीभोवती फिरवतो. ते टोक पट्टीच्याच खालून ओवून पलीकडून ओढून घेतो. ही अर्धी गाठ झाली. पुढे गरजेप्रमाणे तो फासा घालतो, मळसूत्रासारखे वेढे देतो, एक वेढा उजवीकडून तर पुढचा डावीकडून असं आलटून पालटून गुंडाळतो आणि आधीच्या पट्ट्यांच्या वरून-खालून नवी पट्टी ओवत जातो. चोच एकच, आणि तीच सुई, तीच चिमटा. एका बाजूने टोक आत सारायचं, चोच सोडायची, डोकं वळवून पलीकडून तेच टोक पकडायचं आणि घट्ट ओढायचं. सोडणं आणि पुन्हा पकडणं यांच्या मधल्या क्षणात पट्टी निसटते. नवख्या नरांच्या हातून, म्हणजे चोचीतून, तेव्हाच ती खाली पडते.

डहाळीच्या दोन फाट्यांमध्ये वेढे वाढत जातात आणि एक उभं कडं तयार होतं. हे कडं म्हणजे सगळ्या खोप्याचा पाया. नर कड्याच्या तळाशी उभा राहतो आणि खोपा पुरा होईपर्यंत त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून काम करतो. समोर वाकून चोच जिथवर पोचेल तिथवर विणत गेला की पुढच्या बाजूला एक गोल पोकळी तयार होते. ती अंड्यांची खोली. डोकं आणि मान मागे झुकवून विणत गेला की मागच्या बाजूला छोटी पडवी होते आणि तिच्या खालच्या अंगाला, जमिनीकडे उघडणारं, दार. मोजपट्टी म्हणून त्याच्याकडे स्वतःचं शरीर असतं. खोली किती मोठी, तर मान ताणल्यावर चोच पोचेल तेवढी. म्हणूनच वेगवेगळ्या नरांचे खोपे आकाराने एकमेकांशी इतके जुळतात. कॉलियास यांनी खोप्याचे ठरावीक भाग कापून पाहिले, तेव्हा नरांनी नेमके तेवढेच भाग पुन्हा भरून काढले.

कड्याचा खालचा भाग पुढे आणखी एक काम करतो. खोली आणि पडवी यांच्या मध्ये तो उंबरठ्यासारखा उंच राहतो. झाड वाऱ्याने हेलकावत असतं आणि दार खाली उघडं असतं. उंबरठा नसता तर अंडी घरंगळून थेट खाली गेली असती.

बाहेरची वीण पुरी झाली की नर आतून छपराला अस्तर लावतो. त्यासाठी लांब पट्ट्या नसतात, आखूड आणि रुंद तुकडे असतात. ते विणले जात नाहीत, कौलांसारखे एकावर एक सारले जातात. नुसत्या विणीतून पाणी झिरपलं असतं आणि ऊनही आलं असतं. हे सगळं ऐकायला मोठं वाटतं, पण अनुभवी नर खोप्याची मूळ विणाई एका दिवसात उरकू शकतो. हा वेग लक्षात ठेवा. एका दिवसात जे उभं राहतं, ते मोडण्याची किंमतही एका दिवसाचीच असते.

खोप्याच्या आसपासच्या डहाळ्यांची पानंही नर तोडून टाकतो. वसाहतीचं झाड दुरून उघडंबोडकं दिसतं ते यामुळे. सापाला लपून यायला आडोसा राहत नाही आणि खोपा दुरून नजरेत भरतो.

आता मादीची पाळी. तपकिरी-पिवळसर रंगाच्या माद्या वसाहतीत आल्या की सगळे नर एकदम खोप्यांच्या दारापाशी उलटे लटकतात आणि पंख फडफडवतात. पंखांची आतली बाजू पिवळी असते, त्यामुळे अख्खं झाड पिवळं लुकलुकायला लागतं. मादी यातल्या एखाद्या खोप्यापाशी येते आणि नर बाजूला सरकतो. ती दारातून वर चढून आत जाते. बाहेरून फक्त खोपा हलताना दिसतो. आत ती भिंतीतल्या पट्ट्या चोचीत धरून ओढत असते, एक इथली, एक तिथली. घट्ट बसलेली पट्टी हलत नाही. ढिली असेल तर चोचीबरोबर येते. वाळलेली असेल तर तुटते. बहुतेक भेटी एवढ्यावरच संपतात आणि मादी पुढच्या खोप्याकडे जाते. एकाच खोप्याला ती पुन्हा पुन्हाही भेट देते, मध्ये इतर खोपे बघून येते.

पसंती पडली हे कसं ओळखायचं? ती चोचीत काहीतरी घेऊन परत येते. गवताचे मऊ तुरे, पिसं असं सामान आत नेऊन ती अंड्यांच्या खोलीला अस्तर करायला लागते. नराने बाहेरचं घर बांधलं, आतलं अंथरूण ती घालते. हे अस्तर सुरू झालं की तो खोपा त्या मादीचा झाला. नर आता त्याला हात लावत नाही, आणि दुसऱ्या डहाळीवर पुढचं कडं सुरू करतो, कारण एकाच वेळी अनेक माद्यांशी जोडी जमवणं हीच त्याची पद्धत आहे.

आणि पसंती पडली नाही तर? इथे रंग मध्ये येतो.

आज विणलेला खोपा गवतासारखा हिरवागार असतो. उन्हात आणि वाऱ्यात पट्ट्यांमधलं पाणी जातं, हरितद्रव्य विरतं. दोन-तीन दिवसांत रंग उतरायला लागतो, आणि आठवडाभरात खोपा पिवळट-तपकिरी दिसतो. कॉलियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांच्या निवडीच्या नोंदी ठेवल्या तेव्हा कल स्पष्ट होता. माद्या ताजे, हिरवे खोपे निवडतात. रंग उतरलेल्या खोप्यांना पसंती कमी मिळते. 1978 साली त्यांनी या विषयावरचं काम प्रसिद्ध केलं, त्यातला एक अभ्यास तर फक्त खोप्याच्या रंगावर होता.

मादीला हिरव्याची एवढी ओढ का, हे तिच्या दिनदर्शिकेवरून कळतं. एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू. समजा आज सोमवार आणि खोपा आजच विणून झाला. मादीने आजच तो पसंत केला, तरी अस्तर घालायला आणि दोन-तीन अंडी द्यायला काही दिवस जातात. मग साधारण 12 दिवस अंडी उबवणं. पिल्लं बाहेर आल्यावर ती उडेपर्यंत अडीच-तीन आठवडे. बेरीज केली तर आजपासून पाच आठवड्यांच्या आसपास हा खोपा फांदीला लटकत राहायला हवा. पहिले दिवस तो नुसता रिकामा असेल, पण शेवटच्या दिवसांत त्यात दोन-तीन मोठी पिल्लं धडपडत असतील आणि आईबाप दारावर येऊन लटकत असतील. म्हणजे खोप्यावर सर्वात जास्त भार येतो तो खोपा सर्वात जुना झाल्यावर.

आता दुसरी मादी घ्या. ती हाच खोपा दहा दिवसांनी बघायला आली. तिच्यासाठी पाच आठवडे तिथून सुरू होतात. तिची पिल्लं उडायच्या वेळी हा खोपा साडेसहा आठवड्यांचा झालेला असेल. पट्ट्या वाळून आकसलेल्या, गाठी सैल, छपरातले तुकडे सरकलेले. अशा खोप्याचा टेकू एखाद्या वादळी पावसात सुटला तर आत काय असेल ते सगळं जमिनीवर. म्हणून रंग बघणं म्हणजे एका अर्थी घराचं उरलेलं आयुष्य बघणं. पट्टी ओढून बघणं हा त्याचाच दुसरा भाग. रंग दुरून कळतो, घट्टपणा आत गेल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मते हिरव्या रंगात आणखी एक माहिती दडलेली असते, आणि ती घराबद्दल नसून घरमालकाबद्दल आहे. हिरवा खोपा सांगतो की हा नर काल-परवा इथे होता, धडधाकट होता आणि दिवसभर पट्ट्या वाहून आणण्याइतकी ताकद त्याच्यात होती. तपकिरी खोपा फक्त एवढंच सांगतो की कधीतरी इथे कुणीतरी विणत होतं. वसाहतीत नर बदलतात, मरतात, हुसकावले जातात. मादीला ज्या नराशी जोडी जमवायची आहे, त्याची आजची अवस्था कळण्यासाठी ताजा खोपा हा चांगला पुरावा आहे.

आता नराच्या बाजूने बघा. त्याच्या हातात एक खोपा आहे, आठवडाभर जुना, रंग उतरलेला. रोज त्याखाली लटकून तो पंख फडफडवतो आहे, माद्या येतात, आत डोकावतात, जातात. त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत. वाट बघत राहणं, शेजारी नवा खोपा विणणं, किंवा हाच काढून इथेच नवा विणणं.

वाट बघणं दिवसेंदिवस महाग होत जातं, कारण खोपा उद्या आजच्यापेक्षा अधिक तपकिरी असणार. शेजारी विणायला जागा लागते, आणि खरी अडचण तिथे आहे. वसाहतीच्या झाडावर प्रत्येक नराच्या ताब्यात काही मोजक्या डहाळ्यांचा तुकडा असतो. सीमेवर शेजाऱ्यांशी रोज चकमकी होतात. त्या तुकड्यात योग्य जाडीच्या, योग्य झुकावाच्या, दोन फाटे असलेल्या डहाळ्या थोड्याच असतात. ज्या डहाळीवर मेलेला, वाळलेला खोपा लटकतो आहे ती डहाळी अडून बसली आहे. दुकानाच्या दर्शनी खिडकीत विटलेला माल ठेवून नवा माल माळ्यावर टाकण्यासारखं ते होईल. मग उरतो तिसरा मार्ग.

उसवण्याचं काम असं चालतं. नर खोप्यावर किंवा त्याच्या दारात बसतो, एखादी सुटी कड चोचीत धरतो आणि मागे झुकून ओढतो. पट्टी तुटते किंवा सरकून बाहेर येते, तो ती सोडून देतो, पुढची धरतो. खाली जमिनीवर तपकिरी पट्ट्यांचा पसारा पडत जातो. हे जुनं सामान नव्या विणीला चालत नाही, कारण वाळलेली पट्टी वेढा घेत नाही. प्रत्येक नव्या खोप्याला प्रत्येक पट्टी नव्याने फाडून आणावी लागते. थोड्याच वेळात डहाळी मोकळी होते, आणि अनेकदा त्याच डहाळीवर लवकरच नवं हिरवं कडं दिसायला लागतं. एका हंगामात नर असे कितीतरी खोपे विणतो, आणि त्यातले बरेच मोडलेही जातात.

रिकामा खोपा उसवण्याआधी नर किती दिवस थांबतो, याला घड्याळासारखं एकच उत्तर नाही. साधारण आठवडाभराचा काळ सांगितला जातो. पण हवा दमट असेल तर हिरवेपणा जास्त टिकतो, कोरड्या उन्हात लवकर जातो, आणि माद्यांचा येण्याचा जोर हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावरही बरंच अवलंबून असतं. माद्याच फिरकत नसतील तर हिरवागार खोपाही वाट बघतच वाळतो. त्यामुळे मोडलेला प्रत्येक खोपा वाईट विणलेला होता, असा निष्कर्ष काढू नये. काही खोपे उत्तम असतात, त्यांची वेळ फक्त चुकलेली असते.

वाईट विणलेले खोपे मात्र असतात, आणि ते बहुतेक तरुण नरांचे असतात. अजून पिसांवर पुरता पिवळा रंग न चढलेला तरुण नर हाताला लागेल ते सामान उचलतो, कधी फार जाड, कधी फार आखूड. पट्टीचं टोक दाबून न धरताच तो ती गुंडाळायला लागतो, आणि सोडली की ती पडते. कडं झालंच तर वेडंवाकडं होतं. विणीत मोठी भोकं राहतात, सुटी टोकं चहूकडे लोंबत असतात, आणि लांबून तो खोपा विस्कटलेल्या केसांसारखा दिसतो. अनुभवी नराच्या खोप्याची कड त्याच्या शेजारी नीटस, आवळलेली दिसते. कॉलियास यांनी काही तरुण नरांना लहानपणापासून विणायला काहीच सामान मिळू दिलं नाही. मोठेपणी सामान हातात आलं तेव्हा ते सामान मिळालेल्या इतर तरुण नरांच्या कितीतरी मागे होते, आणि सुरुवातीला त्यांना साधी एक पट्टी विणता येत नव्हती. गाठ मारण्याची ओढ उपजत असते, गाठ बसवण्याचं कसब सरावाने येतं. बोत्स्वानात दुसऱ्या एका विणकर जातीवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. एकाच नराने लागोपाठ विणलेले खोपे तंतोतंत सारखे नव्हते, आणि अनुभव वाढला तशा खाली पडणाऱ्या पात्यांची संख्या कमी झाली.

याचा एक परिणाम असा की तरुण नरासाठी मोडणं आणि पुन्हा विणणं हाच सराव ठरतो. त्याचा पहिला खोपा कुणी पसंत करण्याची शक्यता फार थोडी. पण त्याच डहाळीवरचा पाचवा-सहावा खोपा पहिल्यापेक्षा बराच बरा असतो.

आता आपल्या ओळखीच्या सुगरणीकडे येऊ, कारण तिच्या नराने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. सुगरणीचा खोपा फार मोठ्या मेहनतीचा असतो. वर चिवट दांडा, मध्ये फुगीर खोली आणि खाली लांब नळीसारखं दार. पूर्ण खोप्यासाठी नराच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सुमारे 18 दिवस लागतात. एवढं काम करून मग मादीने नाक मुरडलं तर मोडणं परवडणार नाही. म्हणून नर अर्ध्यावर थांबतो. साधारण आठ दिवसांत खोपा टोपीच्या आकाराला येतो, मध्ये बसण्यापुरता पट्टा असतो आणि खोली-नळी काहीच झालेलं नसतं. या टप्प्याला शिरस्त्राण म्हणतात. माद्या हीच अर्धी टोपी तपासायला येतात. मादीने होकार दिला की नर अंड्यांची खोली पुरी करतो आणि खाली नळी उतरवतो. होकार नाही मिळाला तर पुढचं काम होत नाही. झाडावर दिसणाऱ्या सगळ्या अर्धवट टोप्या याच जागेवर थांबलेल्या असतात. काही वेळा नर त्याही उसवतो, पण बऱ्याचदा त्या नुसत्या लटकत राहतात आणि तो दुसरीकडे नवी टोपी सुरू करतो.

सालिम अली यांनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवली, आणि नर अर्धे खोपे विणून एकामागून एक माद्या मिळवतो हे तिथे उलगडलं. त्याआधी एका नराच्या अनेक अर्धवट खोप्यांचं नेमकं काम काय, हे कुणालाच कळत नव्हतं.

सुगरणीची मादी नेमकं काय बघते, यावरही काम झालं आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की तिच्या लेखी विणीच्या नक्षीपेक्षा खोप्याची जागा जास्त महत्त्वाची ठरते. खोपा किती उंचावर आहे, कोणत्या जाडीच्या फांदीला लटकतो आहे, याला वजन जास्त. बारीक फांदीवर शिकारी प्राण्याला चालत जाणं जमत नाही, हे त्यामागचं साधं कारण. ग्रामविणकराच्या मादीने ताजेपणा बघायचा आणि सुगरणीच्या मादीने जागा बघायची, हा फरक मला फार उद्बोधक वाटतो. जिथे नर फक्त टोपी दाखवतो तिथे वीण अर्धीच असते, आणि उरलेली वीण पसंतीनंतर ताज्या पट्ट्यांनी होणार असते. रंगाचं महत्त्व आपोआप कमी होतं. जागा मात्र टोपीच्या टप्प्यालाच कायमची ठरलेली असते. ती नंतर बदलता येत नाही.

ग्रामविणकरांच्या वसाहतीकडे बघताना या सगळ्याचा उपयोग कसा होतो ते बघा. गर्द हिरवा, दाराशी नर लटकलेला, म्हणजे एक-दोन दिवसांचा खोपा, गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही. तपकिरी झालेला, पण दारातून मादी सामान घेऊन किंवा किडे घेऊन ये-जा करते आहे, म्हणजे तो हिरवा असताना पसंत पडला होता आणि आता आत अंडी किंवा पिल्लं आहेत. हा खोपा नर मोडणार नाही, कितीही वाळला तरी. तपकिरी, शांत आणि दाराशी कुणीच नाही, म्हणजे उद्या-परवा उसवला जाणारा. आणि नुसतंच हिरवं कडं, खाली जमिनीवर तपकिरी पट्ट्यांचा ढीग, म्हणजे जुना खोपा नुकताच गेला.

पिल्लं उडून गेल्यावर तो खोपाही अनेकदा नरच खाली उतरवतो. डहाळी तीच राहते. तिच्या दोन फाट्यांमध्ये तो पुन्हा हिरव्या पट्टीचं एक टोक पायाखाली दाबतो आणि दुसरं चोचीने भोवती फिरवतो.